ट्रेलर ओढायचा असेल तर एकच आकडा पाहू नका

टोइंग क्षमता 2500 किलो लिहिली आहे म्हणून तेवढा ट्रेलर जोडायचा, ही घाई करू नका. हिशेब करून पाहा.

समजा गाडीचे कर्ब वेट, म्हणजे इंधन आणि ऑइलसह रिकाम्या गाडीचे वजन, 1900 किलो आहे. ग्रॉस वेट 2600. ही भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा. मधला 700 किलोचा फरक म्हणजे पेलोड, आणि माणसे, सामान, नंतर बसवलेला कॅरिअर, सगळे त्यातच बसले पाहिजे. काही कंपन्या 75 किलोचा चालक कर्ब वेटमध्येच धरतात, त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करताना तळटीप नक्की वाचा.

आता माणसे आणि सामान मिळून 500 किलो झाले, तर गाडी 2400 किलोची झाली. गाडी आणि ट्रेलरची एकत्रित मर्यादा 4600 असेल, तर ट्रेलरला उरतात फक्त 2200. अडीच टनांचा जोडलात तर 300 किलो जास्त होतात, आणि ब्रेक लागायला लागणारे अंतर वाढते.

नवख्यांचे हमखास दुर्लक्ष होते ते हुकवरच्या भाराकडे. 2200 किलोच्या ट्रेलरचा पाच टक्के भार धरला तरी 110 किलो हुकवर येतात आणि ते पेलोडमधूनच जातात. उरलेल्या 200 मधून आता 90 च शिल्लक. हुकची स्वतःची मर्यादाही वेगळी असते, तीही तपासा.

सामान भरून झाले की गाडी वजनकाट्यावर नेऊन दोन्ही एक्सलचे वजन वेगवेगळे करून घ्या. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा एक्सल ओव्हरलोड असू शकतो.