पावसाच्या पानावर मजकूर कुठे बसवावा?

"चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी चित्रपुस्तक करतेय. पावसाचा जोडपानाचा स्प्रेड आहे, मजकूर चित्रावरच टाकलाय: 'विजांच्या कडकडाटाने भयभीत झालेल्या चिंगीने आजीच्या पदराआड आसरा घेतला.' मोठ्याने वाचताना अडखळायला होतं. प्रकाशकांकडून सुचवलंय की अक्षरांमागे पांढरी चौकट टाका आणि पानं कमी करा. स्प्रेड बरा आहे की नाही हे ठरवायचं कसं?"

"पानं कमी करा" हे वाचलं आणि लिहायला बसलो. मी सांगतोय ते देवनागरी मजकूर, ऑफसेट छपाई आणि मुलांना वाचून दाखवायची पुस्तकं एवढ्यापुरतं. मोठ्या मुलांनी स्वतः वाचायच्या पुस्तकांचं गणित वेगळं असतं.

आधी पानांचं सांगतो, कारण माझं एक पुस्तक तिथेच गेलं. गोष्टीतली मुलगी माळ्यावरचा आवाज ऐकून शिडी चढते. उजव्या पानाच्या शेवटी ओळ होती, "तिनं अंधारात हात घातला. हाताला लागलं काय?" पान उलटलं की जोडपानभर मांजरीची पिल्लं. पुस्तक २४ पानांचं ठरलं होतं, चित्रंही त्याच हिशोबाने झाली होती. मग प्रकाशन संस्थेच्या ऑफिसात कुणीतरी ठरवलं की २४ पानं म्हणजे दीड फर्मा, १६ म्हणजे एक, तेव्हा १६च करू. सेंटर पिनच्या पुस्तकात पानं चारच्या पटीत लागतात, कागदाचे भाव असतात, हे मलाही कळतं. पण त्यांनी जोडपानांची चित्रं लहान करून एकेका पानावर बसवली. प्रश्न डावीकडे आला आणि पिल्लं त्याच्या शेजारी उजवीकडे. त्यात भर म्हणून मुद्रितशोधकांनी वाक्य 'सुधारलं': "तिच्या हाताला मांजरीची पिल्लं लागली." व्याकरणाला धरून आहे, पण गोष्ट संपली. शेवटचं प्रूफ मला दाखवलंच नाही. विचारलं तेव्हा "लेआउट हे आमचं काम" एवढंच उत्तर मिळालं, आणि तोवर सगळ्या प्रती छापून झाल्या होत्या. वर्गात वाचताना मी "तिनं अंधारात" म्हणेपर्यंत मुलं "पिल्लं! पिल्लं!" ओरडून मोकळी व्हायची. आजही ते पुस्तक हातात घ्यावंसं वाटत नाही.

यातून धरायची गोष्ट अशी की पान उलटताक्षणी मूल सगळं चित्र पाहून घेतं आणि तुमचा आवाज त्याच्या मागून येतो. जे चित्रात दिसणार आहे त्याची ओढ आधीच्या उजव्या पानाच्या शेवटच्या ओळीत लागली पाहिजे, आणि ती ओळ शक्यतो त्या पानाच्या तळाशी उजवीकडे हवी, म्हणजे ती संपते तेव्हा वाचणाऱ्याचा हात कोपऱ्यावर असतो. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे सरळ वाक्यात कोण आणि काय हे आधीच सांडून जातं. गोष्ट सांगताना आपण आपसूक फिरवतो, "दार उघडलं, आणि आत आलं कोण?" ती फिरवाफिरव लेखी मजकुरातही राहू द्या. कोणी दुरुस्त करू लागलं तर भांडा.

पानं कमी करायचीच असतील तर कात्री लावण्याआधी मजकुरात पान उलटायच्या जागांवर खुणा करा. त्यातल्या कुठल्या जागा मोडल्या तरी चालतील हे तुम्ही सांगायचं, हिशोबाच्या टेबलाने नाही. चिंगी लपली हे आणि ती कशाला घाबरली हे एकाच जोडपानात आलं तर बिघडत नाही. पण पदराआडून तिनं डोकावल्यावर पुढे काही दिसणार असेल, तर ते उलटल्यावरच दिसलं पाहिजे.

आता चित्रावरची अक्षरं. पावसाचं चित्र देवनागरीला सगळ्यात वाईट. शिरोरेषा जाड असल्यामुळे ओळ लांबून दिसते आणि वाटतं की सगळं ठीक आहे. पण अनुस्वार थेंबांत मिसळतात, थेंब भलत्याच अक्षरावर अनुस्वार होऊन बसतात, आणि तिरप्या सरींत रफार व वेलांट्या हरवतात. "विजांच्या"वरचा अनुस्वार तुमच्या पानावर शोधून पाहा. तपासायला स्प्रेड कृष्णधवल करून खऱ्या आकारात छापा आणि हातभर लांब धरा. जिथे अक्षराच्या वरचं आणि खालचं चिन्ह दिसत नाही, तिथे मजकूर नको.

पांढरी चौकट मला अजिबात पटत नाही. पाऊस पडतोय आणि मध्येच चिठ्ठी चिकटवल्यासारखं दिसतं. चित्रकाराला सांगून आकाशाचा किंवा भिंतीचा एक तुकडा शांत ठेवून घ्या, एकाच फिक्या रंगाचा. हे कच्च्या रेखाटनात मागितलं तर सोपं असतं, रंगवून झाल्यावर मागणं अन्याय आहे. गडद ढगावर पांढरी अक्षरं टाकायचा मोह होईल. चार रंगांच्या छपाईत प्लेट केसभर सरकली तरी जोडाक्षरांची पोटं बुजतात, म्हणून टाकायचीच तर जाड आणि मोठी टाका. काळी अक्षरं फक्त काळ्या प्लेटवर ठेवा. उद्या पुस्तक हिंदीत किंवा कन्नडमध्ये गेलं तर तेवढी एकच प्लेट बदलावी लागते.

अंगठा विसरू नका. मुलांसमोर वाचताना पुस्तक त्यांच्याकडे तोंड करून, खालून मधोमध एका हाताने धरतात. तळाशी घडीजवळ ठेवलेला मजकूर अंगठ्याखाली जातो. वाचणारा बाजूने मान वळवून वाचतो, म्हणून अक्षरं २० पॉइंटच्या आसपास हवीत (फॉन्टप्रमाणे थोडं कमीजास्त) आणि ओळींत मोकळी जागा हवी, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो.

तुमचं वाक्य अडखळतं कारण चिंगीपर्यंत पोचेतो दम संपतो. तिच्या आधी चार शब्द तिचं वर्णन करत बसलेत, आणि "भयभीत", "आसरा" हे काही आजीच्या पदरातले शब्द नव्हेत. मी असं तोडेन:

वीज कडाडली. काड्‌काड्‌काड्!
चिंगी पळाली
आणि लपली
आजीच्या पदरात.

घाबरली हे चेहऱ्यावर दिसतंय, ते लिहायची गरज नाही. ओळ तिथेच तोडा जिथे आवाज थांबतो. "आजीच्या" एका ओळीत आणि "पदरात" दुसऱ्या ओळीत गेलं तर वाचणारा मध्येच लटकतो. पहिली ओळ डावीकडे वर विजेजवळ आणि बाकीच्या उजवीकडे आजीजवळ ठेवल्या, तर मुलांची नजर चिंगीबरोबर धावेल. तुमच्या चित्रात आजी डावीकडे असेल तर हे चालणार नाही, मग सगळं एकत्रच ठेवा.

जाता जाता, पुढे संवाद असतील तर "आजी म्हणाली" बोलण्याच्या आधी लिहा. नंतर आलं तर वाचणाऱ्याने तोवर चिंगीच्या आवाजात वाचून टाकलेलं असतं.

आणि करारात एक ओळ घालून घ्या की छपाईला जाणारी शेवटची पीडीएफ तुमच्या सहीशिवाय जाणार नाही. मी वकील नाही, शब्दरचना कुणा जाणकाराला विचारा, पण ओळ हवीच.

एकट्या स्प्रेडवरून मी याहून जास्त सांगू शकत नाही. कागद दुमडून, पिना मारून खऱ्या आकाराची डमी करा, गोष्ट माहीत नसलेल्या कुणाला तरी ती मुलांसमोर वाचायला द्या, आणि तुम्ही मुलांच्या मागे बसा. कुठे पान वाक्य संपायच्या आधी उलटलं आणि कुठे वाचणारा मागे जाऊन पुन्हा वाचू लागला, तेवढं टिपा. मग याच्या आधीचं आणि नंतरचं पान इथे टाका, बघून सांगतो.