मसालेभात ६ माणसांचा, करायचाय ४० जणांना: फोटोतल्या तक्त्याची शीट

> जुन्या मासिकातल्या मसालेभाताच्या साहित्याच्या तक्त्याचा फोटो आहे, प्रमाण ६ माणसांचं. गणपतीत ४० जण जेवायला आहेत. गूगल लेन्सने मजकूर उचलला, पण शीटमध्ये सगळं एकाखाली एक पडलं, आणि मोहरी ३ लाख चमचे दाखवतेय. माणसांचा आकडा बदलला की प्रमाण आपोआप बदलेल अशी शीट कशी करू?

मोहरीपासून सुरुवात करते. तक्त्यात ती अर्धा चमचा असणार. शीटमध्ये 1/2 असं पडलं की ती त्याला तारीख समजते, १ फेब्रुवारी. प्रत्येक तारखेमागे शीटचा एक आकडा असतो, हल्लीच्या तारखांचा ४५ हजारांच्या पुढचा. तुमच्या सूत्राने त्यालाच गुणलं. आता त्या रकान्यात नुसतं 0.5 लिहिलंत तरी १८९९ सालची तारीख दिसेल, कारण रकान्याला तारखेचं रूप चिकटलंय. आधी Format → Number → Automatic करा, मग 0.5 लिहा.

ही चूक निदान डोळ्यांत भरली. खरी भीती न दिसणाऱ्या चुकांची आहे. छापील १½ मधला छोटा अपूर्णांक लेन्स बऱ्याचदा ११/२ असा वाचतं. शिवाय दोन स्तंभांचा तक्ता उचलताना आधी सगळी नावं येतात आणि मग सगळी प्रमाणं. मिठापुढे प्रमाण छापलेलंच नसेल, तर त्याच्या खालचं प्रत्येक प्रमाण एक घर वर सरकतं आणि मिठापुढे गोड्या मसाल्याचे ३ चमचे येऊन बसतात. म्हणून मी नावं फोटोतून घेते आणि आकडे फोटो समोर ठेवून हाताने भरते. पंधरा ओळींना दोन-तीन मिनिटं लागतात. आकडे इंग्रजी लिपीतच लिहा. देवनागरी अंक शीटमध्ये मजकूर म्हणून बसले तर उत्तराच्या जागी `#VALUE!` येतं.

आता मांडणी. B1 मध्ये मूळ माणसं 6, B2 मध्ये हवी असलेली 40. पाचव्या ओळीपासून A मध्ये जिन्नस, B मध्ये प्रमाण, C मध्ये एकक (चमचा लहान की मोठा हेही लिहा), D मध्ये घात आणि E मध्ये हे सूत्र:

```
=B5*POWER($B$2/$B$1,D5)
```

D चा स्तंभ कशासाठी, ते सांगते. ४० भागिले ६ म्हणजे ६.६७ पट, पण सगळंच तेवढ्या पटीने वाढवलं तर भात तेलकट आणि उग्र होतो. तांदूळ, तोंडली, काजू सरळ पटीने वाढतात, त्यांचा घात 1. फोडणीचं तेल, मोहरी, लवंगा यांना मी 0.8 देते, गोड्या मसाल्याला 0.9 आणि पाण्याला 0.95, कारण मोठ्या झाकलेल्या पातेल्यात मानाने वाफ कमी जाते. हे माझ्या हाताचे अंदाज आहेत, तुमच्या चवीप्रमाणे बदला. माझ्या तक्त्यात हे असं येतं: तांदूळ २ वाट्यांचे १३.३, तेल ४ मोठे चमचे होतं ते २७ न होता १८, गोडा मसाला ३ चमच्यांचा २० न होता साडेसोळा, पाणी ४ वाट्यांचं २४. त्यातलंही दोन वाट्या गरम पाणी बाजूला ठेवा, लागेल तसं घाला.

याऐवजी तेलाला सरसकट ०.७ ने गुणलं तर चालणार नाही का? नाही. तसं केलं तर सहाच माणसांचा भात करतानाही तेल कमी पडेल. घाताचं सूत्र B2 मध्ये 6 घातल्यावर मूळ तक्ता जसाच्या तसा परत देतं. शीट पूर्ण झाली की पहिली तपासणी हीच करा: 6 घाला आणि E चा स्तंभ फोटोशी ओळीने ताडा.

तेरा वाट्या कोणी मोजत बसत नाही, म्हणून तुमची वाटी एकदा तांदळाने भरून वजन करा. माझी १५० ग्रॅमची आहे, म्हणजे ४० जणांना २ किलो. पुढच्या स्तंभात E ला 150 ने गुणा, पण फक्त तांदळाच्या ओळीत. त्याच वाटीत काजूचं वजन वेगळं भरेल.

आणि पातेलं किती मोठं आहे ते आधी बघा. २ किलो तांदळाचा भात एका पातेल्यात मावणार नसेल आणि दोनदा करणार असाल, तर B2 मध्ये 40 नाही, 20 घाला आणि तो तक्ता दोनदा वापरा. प्रत्येक पातेल्याची फोडणी वेगळी होते, त्यामुळे तेल दर खेपेला साडेदहा चमचे, एकूण २१ लागेल. एका पातेल्याच्या हिशोबाचे १८ चमचे दोघांत वाटले तर दोन्ही भात कोरडे होतील.