संपादकांना मेल: आधी बातमी, मग दुकान

गणेशमूर्ती घडवणाऱ्या चित्रशाळेची बातमी वर्तमानपत्रात यावी म्हणून मेल करताना विषयाच्या ओळीत ‘आमच्या चित्रशाळेविषयी’ असं लिहिलंत, तर मेल सरळ जाहिरात विभागाकडे जातो. त्याऐवजी ‘माशेल: चवथीच्या मूर्तींना यंदा चिकणमाती मिळेना’ असं लिहा, अर्थात ते खरं असेल तरच.

मजकूर शे-सव्वाशे शब्दांचा. पहिल्या दोन वाक्यांत ‘हे आत्ताच का’ सांगा, मग एकच ठोस तपशील: गेल्या वर्षी किती मूर्ती झाल्या, यंदा किती. दर आणि सवलती नकोतच. फोटो दोनच, माती मळतानाचे; दुकानाच्या पाटीचा फोटो कोण छापणार? शेवटी मोबाइल नंबर आणि कारागीर कधी भेटतील ती वेळ.

मेल चवथीच्या पाच-सहा आठवडे आधी पाठवा. नंतर पुरवणीची पानं भरलेली असतात. उत्तर नाही आलं, तर चार दिवसांनी एकदाच फोन करा, तोही दुपारी. संध्याकाळी पानं लावायची घाई असते.