फोटोतले केस आणि बुधवारची मुलाखत

*ताई, नमस्कार. मी ४४ वर्षांचा, साताऱ्याचा. एका कारखान्यात खरेदी विभागात १९ वर्षं होतो, फेब्रुवारीत युनिट बंद झालं. नोकरीसाठी अर्ज करताना फोटो लावायचा होता. एका रात्री मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये माझ्याच फोटोवर केस भरले आणि चौकडीच्या बुशशर्टवर निळा ब्लेझर चढवला. खरं तर मला पुढून टक्कल आहे, बाजूचे केस आडवे विंचरतो. तोच फोटो रेझ्युमेवर आहे आणि नोकरीच्या साइटवरही. आता पुण्याच्या एका कंपनीची बुधवारी अकरा वाजता व्हिडिओ मुलाखत आहे. मुलीने फोटो बघून विचारलं, "बाबा, हे कोण?" तेव्हापासून झोप उडाली आहे. विग आणू का? की नेट खराब आहे असं सांगून कॅमेरा बंद ठेवू?*

*– एक वाचक*

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र शुक्रवारी हातात पडलं, म्हणून हे उत्तर आधी तुम्हाला मेलने पाठवलं आणि मग इथे छापायला दिलं. विग नको आणि कॅमेरा बंद ठेवणं तर मुळीच नको. मी २२ वर्षं उमेदवार निवडणाऱ्यांच्या बाजूला बसले आहे. तिकडून हा फोटो कसा दिसतो, ते तुम्हाला आधी सांगते.

तुम्हाला वाटतंय, ते म्हणतील, "बघा, याने टक्कल लपवलं." तसं कुणी म्हणत नाही. ऑनलाइन मुलाखती सुरू झाल्यापासून एचआरवाल्यांना खरी धास्ती आहे ती डमी उमेदवाराची. अर्ज एकाचा, मुलाखतीला दुसराच आणि रुजू व्हायला तिसराच, असे प्रकार घडले आहेत. त्यामुळे पहिल्याच मिनिटाला समोरचा माणूस रेझ्युमेवरचा फोटो आणि स्क्रीनवरचा चेहरा ताडून बघतो. काही ठिकाणी आधार किंवा पॅन कार्ड कॅमेऱ्यासमोर धरायला सांगतात. काही ठिकाणी स्क्रीनशॉट काढून ठेवतात आणि रुजू होण्याच्या दिवशी तो पुन्हा काढून बघतात. चेहऱ्यावर फिल्टर असल्याची शंका आली, तर चेहऱ्यासमोरून हात फिरवायला किंवा मान वळवायला सांगतात. त्यात खोटे केस जागचे हलतात. चेहरा फोटोशी जुळत नसेल आणि त्यात कॅमेराही बंद असेल, तर तुम्ही तुम्हीच आहात हे त्यांनी कशावरून मानायचं?

माझ्यासमोर घडलेलं सांगते. स्टोअर्सच्या जागेसाठी एक उमेदवार होता. रेझ्युमेवर दाट केस आणि टाय, स्क्रीनवर टक्कल आणि साधा शर्ट. आम्ही आधार मागितलं, तर त्यावरचा फोटो कैक वर्षांपूर्वीचा, धूसर. मग पॅन, मग जन्मतारीख, मग आधीच्या साहेबांचं नाव. तीस मिनिटांच्या मुलाखतीतली बारा मिनिटं यातच गेली. माणूस तोच होता. पण तोवर त्याचा आवाज बसला होता आणि ज्या कामात त्याचा हातखंडा होता, त्याच्याबद्दलही तो तुटक बोलला. त्याची निवड झाली नाही. "फोटो बदललाय का?" असा सरळ प्रश्न मी त्याला सुरुवातीलाच विचारायला हवा होता. तो न विचारल्याची बोच मला आजही आहे.

म्हणून तुमचा फोटो बुधवारच्या आत बदलायला हवा. आजच्या घडीला ही दोन ओळींच्या मेलची गोष्ट आहे. रुजू होताना कागदपत्रं तपासली जातात, तेव्हा हीच गोष्ट जड जाईल.

सुरुवात न्हाव्याकडून करा, आणि तीही उद्याच. आडवे विंचरलेले केस आरशात झाकल्यासारखे वाटतात, पण कॅमेरा जरा वर असला की मधल्या फटी दिसतात, आणि पंख्याच्या वाऱ्याने एखादी बट उठली की तुमचं सगळं लक्ष तिच्याकडे. बाजूचे केस मशीनने दोन नंबरवर सारखे करून घ्या. इतकी वर्षं केसांखाली राहिलेली त्वचा सुरुवातीला फिकी दिसते, आणि आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला तुम्हालाही तीन-चार दिवस लागतील.

त्यानंतर फोटो. स्वतः सेल्फी काढू नका. मोबाइल हाताच्या अंतरावर असला की चेहऱ्याचा जो भाग भिंगाजवळ तो फुगतो, म्हणजे नाक आणि कपाळ. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचं गणित मांडलं होतं. पाच फुटांवरून दिसतं त्यापेक्षा बारा इंचांवरून नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. आपल्या सेल्फीतलं कपाळ बघून केस भरावेसे वाटतात, त्यात या भिंगाचाही हात असतो. तेव्हा मागच्या कॅमेऱ्याने, पाच फुटांवरून, खिडकीकडे तोंड करून फोटो काढून घ्या.

सोमवारी सकाळी साइटवरचा फोटो बदला. रेझ्युमेवरचा सरळ काढून टाका. खरेदी विभागाच्या रेझ्युमेला फोटोची गरज नसते. मग एचआरला इतकंच लिहा: "माझ्या आधीच्या रेझ्युमेवरचा फोटो एडिट केलेला होता. सोबत सुधारित रेझ्युमे आणि सध्याचा फोटो जोडत आहे. बुधवारी अकरा वाजता मुलाखतीला उपस्थित राहीन." केस, टक्कल, ब्लेझर यांतला एकही शब्द नको, आणि माफीचा परिच्छेदही नको. मुलाखतीत कुणी विचारलंच, तर "हो, एडिट केला होता, चूक झाली, सोमवारी नवीन पाठवलाय" एवढं सांगून थांबा. आमच्यासारखे लोक असं उत्तर ऐकून पुढच्या प्रश्नाकडे वळतात.

यावरही त्यांनी नकार दिला तर? देऊ शकतात. एखाद्याला एडिट केलेला फोटो खटकेल, एखाद्याला वय. पण वय तर दहावीच्या वर्षावरून तसंही कळतं, ते केसांनी झाकलं जात नव्हतं.

आता कपडे. ब्लेझर उसना आणू नका, खांद्याला तो बसत नाही आणि बसल्या जागी वर चढतो. फिकट निळा, एकरंगी, फुल बाह्यांचा शर्ट इस्त्री करून ठेवा. बारीक रेघा आणि बारीक चौकडी कॅमेऱ्यात लहरतात. पांढराशुभ्र शर्ट असला तर कॅमेरा उजेड आपोआप कमी करतो आणि चेहरा काळवंडतो.

डोक्यावरच्या चमकेची काळजी मनात असेल, तर ती चमक टक्कलामुळे कमी आणि डोक्यावरच्या ट्यूबलाइटमुळे जास्त येते. टेबल खिडकीसमोर आणा, म्हणजे उजेड तोंडावर येईल, आणि ट्यूब बंद करा. खिडकी पाठीमागे राहिली तर नुसती काळी आकृती दिसेल. लॅपटॉपखाली जाडजूड पुस्तकं रचून कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणा आणि स्वतः अडीच-तीन फूट मागे बसा. झूमवर मुलाखत असेल, तर `Touch up my appearance` बंद आहे ना, ते बघून घ्या. पावणेअकराला रुमालाने कपाळ आणि डोकं टिपून घ्या. पावडर लावणार असाल तर अगदी चिमूटभर, नाहीतर पांढरे डाग दिसतात.

एवढं झालं की पुढची पंधरा मिनिटं तुमच्या कामाला द्या. १९ वर्षांत पुरवठादाराशी भाव कसे पाडले, माल अडकला तेव्हा लाइन कशी चालू ठेवली, यातले दोन प्रसंग आकड्यांसकट मोठ्याने बोलून बघा. खरेदीच्या जागेसाठी मी स्वतः हेच विचारत असे.

आणि पाच फुटांवरून काढायचा तो फोटो मुलीलाच काढू द्या. न्हाव्याकडून घरी आलात की लगेच, त्याच निळ्या शर्टात.

– ताई