बातमीतून घटनाक्रम काढताना तारखा कुठे चुकतात

मोठ्या बातमीचा तारीखवार घटनाक्रम करायचा आहे, एका घडामोडीला एक ओळ. पण तारखांचा गोंधळ होतो. कसं करायचं?

बातमी उलटी लिहिलेली असते. ताजी गोष्ट वर आणि मूळ प्रसंग तळाशी. त्यामुळे मी वरून खाली ओळी उतरवत नाही. आधी बातमीची स्वतःची तारीख आणि वार कागदावर टिपतो, मग ‘काय घडलं’ हे सांगणाऱ्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारतो. प्रतिक्रिया, अंदाज आणि जुनी माहिती यांना रेघ नाही.

सुएझ कालव्यात अडकलेल्या ‘एव्हर गिव्हन’ जहाजाचं उदाहरण घेऊ. समजा बातमी बुधवार, 7 जुलै 2021 ची आहे आणि तिच्यात असं लिहिलंय: भरपाईच्या करारावर सह्या होऊन जहाज आज निघालं, समझोता झाल्याचं रविवारी जाहीर झालं होतं, त्याआधी गेल्या महिन्यात तत्त्वतः सहमती झाली होती, मार्चमध्ये या जहाजाने सहा दिवस कालवा अडवला होता.

‘रविवारी’ म्हणजे बुधवारच्या आधीचा रविवार, 4 जुलै. इथे खरी चूक होते ती ‘समझोता’ या शब्दामुळे. तत्त्वतः सहमती, अंतिम समझोत्याची घोषणा आणि करारावर सह्या या तीन वेगळ्या घडामोडी आहेत. घाईत त्यांची एकच ओळ होते आणि तिला कुठली तरी एक तारीख चिकटते. शिवाय 4 जुलै ही घोषणेची तारीख आहे, म्हणून ओळीतही ‘जाहीर’ हाच शब्द हवा. ‘गेल्या महिन्यात’ला तर या बातमीत तारीखच नाही. ती त्या दिवसांच्या बातम्यांत शोधावी लागते, आणि तिथे 23 जून सापडते. मार्चमधल्या तारखाही तशाच शोधाव्या लागतात.

23 मार्च – जहाज कालव्यात आडवं अडकलं.
29 मार्च – जहाज पूर्ण मोकळं झालं, वाहतूक पुन्हा सुरू.
23 जून – भरपाईबाबत तत्त्वतः सहमती झाल्याचं जाहीर.
4 जुलै – अंतिम समझोता झाल्याचं जाहीर.
7 जुलै – करारावर सह्या, जहाज रवाना.

बातमीतला ‘सहा दिवस’ हा आकडा पडताळणीला फार उपयोगी पडतो: 23 पासून 29 पर्यंत सहाच दिवस होतात, म्हणजे दोन्ही टोकं जुळली. जुळली नसती तर एक तारीख घटनेऐवजी छापल्याच्या दिवसाची असण्याची शक्यता मी आधी तपासली असती. सकाळच्या छापील अंकातलं ‘काल’ मोजताना ही चूक हमखास होते.

29 मार्चला आणखी एक अडचण आहे. पहाटे जहाजाचा मागचा भाग सुटला तेव्हाच ‘जहाज सुटलं’ अशा बातम्या आल्या, प्रत्यक्षात ते दुपारी मोकळं झालं. एका तारखेत अशा दोन पायऱ्या असतील तर मी तिथे स्थानिक वेळही लिहितो. आणि शोधूनही तारीख मिळाली नाही, तर ओळीत ‘जून 2021’ एवढंच ठेवतो, महिन्याची 1 तारीख टाकत नाही.