रास एकच, नक्षत्र वेगळं: कर्केतल्या पुष्य आणि आश्लेषाबद्दल

प्रश्न: माझी आणि धाकट्या बहिणीची, दोघींचीही रास कर्क. पण ती शांत आणि सोसणारी, मी लगेच दुखावते आणि वर्षानुवर्षं विसरत नाही. माझं नक्षत्र आश्लेषा, तिचं पुष्य. सासूबाई म्हणतात आश्लेषा वाईटच. चंद्ररास आणि जन्मनक्षत्रावरून स्वभाव नेमका कसा पाहायचा?

उत्तर:

तुमचा प्रश्न वाचून मला माझी आई आणि धाकटी मावशी आठवल्या. आई पुष्य, मावशी आश्लेषा, दोघी कर्केच्या. मी ज्योतिष शिकायला लागले तेव्हा सगळ्यात आधी याच दोन पत्रिका शेजारी शेजारी मांडून बसले होते.

आधी थोडा हिशेब. बारा राशी आणि सत्तावीस नक्षत्रं एकाच वर्तुळाचे दोन वेगवेगळे वाटे आहेत. रास तीस अंशांची, नक्षत्र १३ अंश २० कलांचं, आणि नक्षत्राचा एकेक चरण ३ अंश २० कलांचा. म्हणून एका राशीत नऊ चरण बसतात. कर्केत पुनर्वसूचा शेवटचा चरण, मग पूर्ण पुष्य, मग पूर्ण आश्लेषा. चंद्र रास साधारण सव्वादोन दिवसांत ओलांडतो आणि नक्षत्र साधारण एका दिवसात. त्यामुळे 'कर्क' म्हटलं की सव्वादोन दिवसांत जन्मलेले सगळे आले, आणि नक्षत्र सांगितलं की त्यातला एक दिवस निवडला.

ज्योतिषात चंद्र म्हणजे मन. रास सांगते ते मनाला काय लागतं. कर्क ही चंद्राची स्वतःची रास, जलतत्त्वाची. घर, माणसं, खाऊ घालणं, जपणं, आणि कुणी दूर लोटलं की आत ओढून घेणं, इथपर्यंत तुम्ही दोघी बहिणी सारख्याच असणार. नक्षत्र सांगतं ते मन ही गरज कशी भागवतं, दुखावल्यावर पहिली हालचाल काय करतं. यासाठी मी दोनच गोष्टी बघते: नक्षत्राची देवता आणि नक्षत्राचा स्वामी. गण, योनी, नाडी मी स्वभावासाठी वापरत नाही. गुणमेलनाच्या कोष्टकात त्यांचं काम आहे, तिथेच ती ठीक.

पुष्य हा शब्दच पोषणाच्या धातूवरून आलेला. देवता बृहस्पती, स्वामी शनी. म्हणजे जपायचं ते कर्तव्य म्हणून, शिस्तीनं, तक्रार न करता. आश्लेषा म्हणजे मिठी, घट्ट धरणं. देवता सर्प, स्वामी बुध. आकाशातही हे नक्षत्र वासुकीच्या डोक्यापाशी आहे. इथेही माया तितकीच, पण ती धरून ठेवणारी. आणि बुधामुळे हे मन शब्द पकडतं. काय म्हटलं, कोणत्या सुरात म्हटलं, वाक्य मध्येच कुठे तोडलं, हे सगळं आत नोंदलं जातं.

घरातला एक प्रसंग सांगते. एका लग्नात आई आणि मावशी दोघी पुरणपोळ्या लाटत होत्या. नात्यातल्या एक बाई आत आल्या, वाटीत बोट घालून म्हणाल्या, "पुरण जरा सैलच झालंय, नाही?" आई हसली आणि शेवटच्या पोळीपर्यंत लाटत राहिली. घरी आल्यावर दोन दिवस तिचं डोकं दुखत होतं आणि तिसऱ्या रात्री ती भलत्याच कारणावरून रडली. मावशीनं त्या क्षणी लाटणं खाली ठेवलं, हात धुतले आणि पाणी प्यायला बाहेर गेली. नऊ वर्षांनी तिनं मला तो प्रसंग सांगितला तेव्हा त्या बाईंच्या साडीचा रंग आणि ते 'नाही?' जसंच्या तसं सांगितलं. दुखावल्या दोघी सारख्याच होत्या. एकीचं दुखणं उशिरा आणि वाकड्या वाटेनं बाहेर आलं, दुसरीचं तसंच्या तसं जपलं गेलं. 'ती शांत आहे' असं तुम्ही बहिणीबद्दल लिहिलंय ना, तिथे जरा थांबा. पुष्याची शांती बघताना मी नेहमी विचारते की हे माणूस आजारी कधी पडतं.

पण इथे थांबलं तर वाचन अर्धवट राहतं. निम्म्या चुका इथेच होतात. नक्षत्राच्या वर्णनावर विसंबून राहायचं नाही, चंद्राची अवस्था आणि नक्षत्रस्वामी कुठे बसलाय हे बघायचंच. आईचा जन्म पौष पौर्णिमेचा. चंद्र पूर्ण आणि स्वराशीत. शनी तुळेत, म्हणजे उच्चीचा, आणि तिथून त्याची दहावी दृष्टी थेट कर्केतल्या चंद्रावर. म्हणजे पुष्याचा स्वामी बलवान आणि तोच चंद्राकडे बघतोय. सोसणं तिच्यात दुप्पट झालं ते या जोडीमुळे. मावशीचा जन्म श्रावण वद्य त्रयोदशीचा, पोळ्याच्या दोन दिवस आधीचा. चंद्र स्वराशीत असला तरी क्षीण. क्षीण चंद्राचं मन लवकर दमतं आणि सावरायला वेळ घेतं, असं परंपरेत मानतात. म्हणजे तिचं चटकन मिटून जाणं आश्लेषामुळे किती आणि वद्य पक्षामुळे किती, हे वेगळं करावं लागतं. मिटून जाणं मी क्षीण चंद्राकडे लावते, शब्द जपणं आश्लेषाकडे.

आणि तिचा बुध कन्येत आहे, स्वराशीचा आणि उच्चीचा. हीच आश्लेषाची चांगली बाजू. मावशीला फोनवरच्या 'हॅलो'वरून कळतं की आईनं आज जेवण टाळलंय. घरात दोन भावांचं फिसकटलं तर मध्ये तिलाच बोलावतात, कारण कोण नेमकं काय बोललं होतं हे तिला ठाऊक असतं आणि ती ते भडकवायला वापरत नाही. हाच बुध नीचीचा किंवा पापग्रहांनी घेरलेला असता तर तीच स्मरणशक्ती संशयाकडे झुकते, असं वाचावं लागलं असतं. तेव्हा तुमच्या पत्रिकेत पहिल्यांदा बुध शोधा. तो कोणत्या राशीत, कुणासोबत आहे, आणि तुमचा जन्म शुद्ध पक्षातला की वद्य, एवढं कळलं की 'विसरत नाही' याचा अर्थ बराच बदलतो.

चरणही बघा. कर्केत आश्लेषाचे चार चरण नवमांशात, म्हणजे राशीचे नऊ भाग करून मांडलेल्या कुंडलीत, अनुक्रमे धनु, मकर, कुंभ आणि मीन राशीत जातात. पुष्याचे सिंह, कन्या, तूळ आणि वृश्चिक. वृश्चिक ही चंद्राची नीच रास. म्हणून बहीण पुष्याच्या चौथ्या चरणाची असेल तर वरून शांत आणि आतून खदखद, हे चित्र मी धरून चालेन.

आता एक खबरदारी. चंद्र तासाला साधारण अर्धा अंश सरकतो. पुष्य संपतं कर्केच्या १६ अंश ४० कलांना. तुमचा चंद्र या रेषेच्या पाव-अर्ध्या अंशात असेल आणि जन्मवेळ 'संध्याकाळी दिवेलागणीला' अशी अंदाजे असेल, तर नक्षत्रच चुकलेलं असू शकतं. शिवाय पंचांग कोणतं हेही विचारा. आपल्याकडे बहुतेक पत्रिका चित्रापक्षाच्या अयनांशानं, म्हणजे राशिचक्राची सुरुवात ठरवायच्या एका हिशेबानं, करतात, दाते पंचांगही तेच वापरतं. टिळक पंचांगाचा अयनांश वेगळा आहे आणि फरक सुमारे चार अंशांचा पडतो. चित्रापक्षानं कर्केच्या १४ अंशांवर, म्हणजे पुष्यात असलेला चंद्र टिळक पंचांगात १८ अंशांवर, म्हणजे आश्लेषात येतो. दोन्ही पत्रिका बरोबर असतात, मोजायला सुरुवात वेगळ्या बिंदूपासून केलेली असते. एका घरातल्या दोन पत्रिका वेगवेगळ्या पंचांगांवरून केल्या असतील तर त्यांची तुलना करू नका, आधी दोन्ही एका पद्धतीत आणा.

सासूबाईंच्या म्हणण्याबद्दल. आश्लेषाची सून सासूला वाईट हा समज लग्न जुळवतानाच्या जुन्या नियमांतून आलाय, आणि जन्मशांतीही करतात ती चरण बघून. त्यात तुमच्या स्वभावाबद्दल काही नाही. मी स्वतः तो समज पाळत नाही आणि त्यावरून कुणाचं लग्न मोडायला मी कधीच सांगितलेलं नाही. पावसाच्या नक्षत्रांशीही घोळ घालू नका. तरणा, म्हातारा, आसळका ही नावं शेतकरी पुनर्वसू, पुष्य आणि आश्लेषा यांनाच देतात, पण तिथे त्या नक्षत्रात सूर्य असतो आणि तो तेरा-चौदा दिवस राहतो. जन्मनक्षत्र मात्र चंद्राचं.

हे सगळं कितपत खरं मानायचं? जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात एक चाचणी घेतली होती, ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका ज्योतिषांना देऊन कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका तपासल्या आणि सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवण्याइतकीच. ते वाचल्यापासून मी पत्रिकेवरून बुद्धी, आजार किंवा चारित्र्य सांगत नाही. स्वभाव वाचतानाही मी एक नियम पाळते, तुम्हीही पाळून बघा. आधी तीन दुखावल्याचे प्रसंग वहीत लिहा. पहिल्या तासात काय केलं, कुणाला सांगितलं, किती दिवस टिकलं. मगच आश्लेषाचं वर्णन वाचा. त्यानंतर मुद्दाम एका दूरच्या नक्षत्राचं, समजा अश्विनीचं, वर्णन वाचा. तेही तितकंच लागू पडत असेल तर ते वर्णन कुणालाही लागू पडणारं आहे, ते सोडून द्या. जे फक्त तुमच्या तीन प्रसंगांशी जुळलं तेवढंच ठेवा.

आणि जुन्या बोलण्यांनी रात्रीची झोप जात असेल, जेवण तुटत असेल, तर बुध शोधत बसू नका, समुपदेशकाकडे जा. मावशी दोन वर्षं जात होती. ते पुरण अजून तिच्या लक्षात आहे, पण आता ती ते सांगताना हसते.