एओएमचा कोन आणि ते साडेचार पट

प्रश्न: हीलियम-निऑन लेसर, टेल्युरियम डायऑक्साइडचा एओएम, म्हणजे आवाजाच्या लाटांनी प्रकाश वळवणारा क्रिस्टल, 80 मेगाहर्ट्झ. ब्रॅगच्या सूत्रात λ/n घातलं तर कोन 0.15 अंश येतो, पण 1 मीटरवर दोन ठिपक्यांत 12 मिमी अंतर दिसतंय, म्हणजे जवळपास 0.7 अंश. चुकतंय कुठे?

उत्तर: तुमचं मोजमाप बरोबर आहे, माउंटचे स्क्रू पिळत बसू नका. 0.7 ला 0.15 ने भागलं तर साधारण साडेचार येतात ना, ते म्हणजे 2 गुणिले 2.26, आणि 2.26 हा त्या क्रिस्टलचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स n. म्हणजे दोन गोष्टी राहिल्यात.

आधी आवाजाचं बघू. या क्रिस्टलमध्ये लाँगिट्यूडिनल आवाज सेकंदाला 4200 मीटर जातो, त्याला 80 मेगाहर्ट्झने भागलं की आवाजाची तरंगलांबी 52.5 मायक्रॉन, हीच तुमची प्रकाश वळवणारी जाळी. ती सरकत असते खरी, पण 2 सेंटिमीटर क्रिस्टल पार करायला प्रकाशाला लागतो नॅनोसेकंदाचा सहावा-सातवा हिस्सा, तेवढ्यात आवाज एक मायक्रॉनसुद्धा पुढे जात नाही, त्यामुळे प्रकाशाला ती थांबलेलीच दिसते.

आता तुमचा 0.15 अंश. तो क्रिस्टलच्या आतला ब्रॅग कोन आहे, म्हणजे किरण आणि आवाजाची तरंगपृष्ठं यांच्यातला. आरशासारखं धरा, किरण जेवढ्या कोनात येतो तेवढ्याच कोनात पलीकडे जातो, म्हणून सरळ गेलेला आणि वळलेला यांच्यात त्याच्या दुप्पट कोन पडतो. शिवाय बाहेर हवेत येताना किरण अजून वाकतो, लहान कोनाला तो n पट होतो, म्हणजे तुम्ही ज्या n ने भागलं तोच परत गुणला जातो. उरतं एवढंच:

θ = λf/v = 0.633 × 80 / 4200 ≈ 0.01206 रेडियन

1 मीटरवर 12 मिमी. जुळलं.

आरसा म्हटलं खरं, पण ती उपमा फार ताणू नका. रबाळे एमआयडीसीत कामाला होतो तेव्हा मी पहिल्यांदा एओएम लावला आणि ठिपका सरकावा म्हणून अर्धा दिवस क्रिस्टल फिरवत बसलो, साहेब मागून बघून हसत होते. फिरवल्याने वळलेला ठिपका फक्त उजळ किंवा मंद होतो, जागा जवळजवळ हलत नाही, कारण दोन किरणांमधला कोन जाळीची तरंगलांबी ठरवते. म्हणून फिरवून ब्राइटनेस सेट करायचा आणि कोन बदलायचा तर फ्रिक्वेन्सी बदलायची.

v, म्हणजे आवाजाचा वेग, मात्र डेटाशीटमध्ये बघून घ्या, कारण याच क्रिस्टलमध्ये स्लो शिअर मोडचा आवाज फक्त 617 मीटर प्रति सेकंद जातो आणि तसा पीस असता तर ठिपका 8 सेंटिमीटर लांब पडला असता.

तरी शंका असेल की हा ठिपका नुसतं पृष्ठभागावरचं रिफ्लेक्शन तर नाही ना, तर ड्रायव्हरची फ्रिक्वेन्सी 80 वरून 85 मेगाहर्ट्झ करा. खरा असेल तर 1 मीटरवर पाऊण मिमी बाहेर सरकेल, रिफ्लेक्शन असेल तर जागचं हलणार नाही आणि ड्रायव्हरचं आरएफ बंद केलं तरी तसंच दिसत राहील.